फॉलोअर १८ हजार, पण रेझ्युमेवर लिहू काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत ब्रँडचा संवाद सांभाळणं हे माझं काम. माणसं घ्यायची वेळ आली की रेझ्युमेंचा पहिला गठ्ठा माझ्याच टेबलावर येतो. आता त्यातल्या बऱ्याच रेझ्युमेंवर इन्स्टाग्रामचा आकडा असतो आणि बहुतेकांचा आकडा वायाच जातो. कॉलेज रोडवरच्या ओळखीच्या मुलामुलींनी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरण बहुतेक ठिकाणी एकाच मुलीचं आहे. ओळख पटू नये म्हणून तिचे आकडे जरासे फिरवले आहेत, हिशेब मात्र तोच ठेवला आहे.

माझे १८ हजार फॉलोअर आहेत. तेच अगदी वर, ठळक अक्षरात लिहिलं तर?

लिहा, पण वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. हे १८ हजार लोक कुठले, किती दिवसांत आले, कशामुळे आले आणि आल्यावर त्यांनी काय केलं, यातलं काहीही तो आकडा सांगत नाही. शिवाय एक शंका उभी राहते: या व्यक्तीला स्वतः दिसायला आवडतं की दुसऱ्याचं म्हणणं मांडायला? ब्रँड कम्युनिकेशन हे दुसऱ्याच्या आवाजात, दुसऱ्याच्या गिऱ्हाइकाशी बोलायचं काम आहे. मंजुरी घ्यायची, बजेट पाळायचं आणि चूक झाली की निस्तरायची. तुमच्या खात्यावर यातलं काही घडलं असेल तर पुरावा तो. फॉलोअरचा आकडा ही त्याच्या शेजारची बारीक टीप, त्यापेक्षा जास्त नाही.

मग पुरावा म्हणजे नक्की काय? एखादं खातं उलगडून दाखवा ना.

पंचवटीत राहणारी एक बी.कॉम. झालेली मुलगी. तिचं खातं तांब्या-पितळेच्या भांड्यांवर आहे. जुन्या नाशकातल्या भांडी बाजारात हिंडायचं, कल्हईवाल्यासमोर बसायचं, नवसागराचा धूर उठतो आणि पातेल्याच्या आतून कथलाची चांदीसारखी झाक फिरते ते टिपायचं. कल्हई उडालेल्या पितळेत आमटी का कळकते हे ती आजीच्या सुरात सांगते. फॉलोअर १८,४००.

तिचा पहिला रेझ्युमे मी पाहिला. त्यावर होतं: “१८ हजारांहून अधिक फॉलोअर असलेली कंटेंट क्रिएटर, एका रीलला ५.८ लाख रीच.” मी विचारलं, तो रील कशाचा? म्हणाली, रंगपंचमीचा. रहाडीत, म्हणजे रंगपंचमीला रंगाने भरतात त्या जमिनीतल्या हौदात, धप्पा मारणाऱ्या पोरांचा. सुमारे ११ हजार फॉलोअर त्या एका आठवड्यात आले. म्हणजे निम्म्याहून जास्त लोक रहाड बघायला आलेले, भांड्यांशी त्यांचं काही देणंघेणं नाही. आणि रहाडीचं श्रेय रहाडीला, तिला नाही.

मग आम्ही दोन्ही प्रकारचे रील शेजारी मांडले. रहाडीच्या रीलला ५,८०,००० रीच आणि १,९०० सेव्ह. कल्हईच्या एका रीलला ६,२०० रीच आणि ४१० सेव्ह. भागाकार केला तर पहिल्यात हजारात तीन माणसांनी रील जपून ठेवला, दुसऱ्यात हजारात सहासष्ट जणांनी. सेव्ह कोण करतं? ज्याला ती माहिती पुन्हा लागणार आहे तो. ज्याच्या घरी पितळेचं पातेलं आहे आणि कल्हईला टाकायचं राहून गेलंय, तो. हा तिचा खरा वाचकवर्ग. लहान आहे, पण कामाचा आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट तिने रेझ्युमेवर लिहिलीच नव्हती, कारण तिला ती “काकांच्या ओळखीचं काम” वाटत होती. भांडी बाजारातल्या एका दुकानासाठी तिने धनत्रयोदशीच्या आधी चार आठवडे ९ पोस्ट केल्या होत्या. दुकानदाराचं म्हणणं सोपं होतं: लोक स्टीलकडे गेलेत, पितळ सांभाळायचा त्रास नको म्हणतात. तिने जाहिरात केलीच नाही, त्रासाचं उत्तर दिलं. पातेलं कशानं घासायचं, कल्हई कधी उडाली हे कसं ओळखायचं, रोजच्या वापराला किती जाड पत्रा हवा. प्रत्येक पोस्टखाली दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपचा दुवा होता आणि त्या दुव्यात एक शब्द आधीच भरून ठेवलेला होता:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=kalhai
```

दुवा दाबला की चौकशी करणाऱ्याच्या खिडकीत तो शब्द तयार असतो, त्याने फक्त पाठवायचं. दुकानात शब्द दिसला की चौकशी पोस्टवरून आली हे कळतं. चार आठवड्यांत असे ६३ निरोप आले. त्यातली २१ माणसं दुकानात येऊन गेली. ती नोंद दुकानदाराने गल्ल्याशेजारच्या वहीत पेन्सिलीने रेघा मारून ठेवली होती. त्या पानाचा फोटो हा तिच्या सगळ्या इनसाइट्सपेक्षा भक्कम कागद आहे असं मी तिला सांगितलं, आणि ते गमतीने नाही.

आता रेझ्युमेवरची ओळ अशी झाली: “भांडी बाजारातील एका विक्रेत्यासाठी धनत्रयोदशीपूर्वी ४ आठवड्यांची ९ पोस्टची मालिका आखली, लिहिली व चित्रित केली. व्हॉट्सअ‍ॅप दुव्यावरून किमान ६३ चौकशा, त्यापैकी २१ ग्राहक दुकानात, दुकानाच्या नोंदीनुसार. जाहिरात खर्च शून्य.” रेझ्युमे इंग्रजीत करायचा असला तरी ओळीचा सांगाडा हाच ठेवा: कोणासाठी, कशासाठी, तुम्ही काय केलंत, काय झालं आणि ते कुणी मोजलं.

“किमान ६३” का? सरळ ६३ लिहिलं तर काय बिघडतं?

दुवा दाबल्यावर तो शब्द पुसून स्वतःचं वाक्य लिहिणारे असतात. काही जण नंबर बघून थेट फोन लावतात. काही काहीच न कळवता रविवार कारंजावरून चालत दुकानात येतात. ते सगळे मोजणीतून सुटले. म्हणून ६३ हा तळ आहे, छत नाही. “किमान” हा एक शब्द वाचणाऱ्याला सांगतो की मोजणीची भोकं तुम्हाला ठाऊक आहेत.

उलट बाजूही आहे. “विक्री ३० टक्क्यांनी वाढवली” असं तिला लिहायचं होतं. मी थांबवलं. मागच्या वर्षी त्याच आठवड्यांत किती गिऱ्हाईक आलं याची नोंद कुणाकडेच नव्हती आणि धनत्रयोदशीला भांडी तशीही खपतात. मागचा आकडा नसताना “वाढ” हा शब्द वापरला की मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला पाय घसरतो.

सरासरी रीच लिहू का?

एक पोस्ट व्हायरल झाली असेल तर सरासरी खोटं बोलते. त्या ९ पोस्टचे रीच चढत्या क्रमाने असे: ३,१००, ३,४००, ३,९००, ४,२००, ४,८००, ५,३००, ६,२००, ७,००० आणि ९,१००. सरासरी साधारण ५,२०० येते. आता यात रहाडीचा रील टाका. दहा पोस्टची सरासरी एकदम ६२,७०० होते, आणि दहापैकी नऊ पोस्ट त्या आकड्याच्या जवळपासही गेलेल्या नसतात. शाळेत शिकलेला मध्यक इथे कामाला येतो: नऊ आकड्यांतला मधला, ४,८००. रहाड धरली तरी तो ५,०५० च्या आसपासच राहतो. “९ पोस्टचा मध्यक रीच ४,८००” असं लिहिणारा उमेदवार मला अजून फार भेटलेला नाही. भेटला तर मी रेझ्युमे बाजूला काढून ठेवते.

दुसरी चूक याहून जास्त दिसते. नऊ पोस्टचे रीच बेरीज करून “४७ हजार लोकांपर्यंत पोहोचले” असं लिहितात. पण कल्हईचा रील पाहणारी बाईच पातेलं घासायचाही रील पाहते. प्रत्येक पोस्टमध्ये ती एकदा मोजली गेली आणि बेरजेत नऊ वेळा आली असेल. बेरीज व्ह्यूजची होऊ शकते, माणसांची नाही. चार आठवड्यांत एकूण किती वेगळ्या खात्यांपर्यंत पोहोचलात हे हवं असेल तर इनसाइट्समध्ये तारखा निवडून खात्याचा एकूण रीच बघा, तो आकडा वेगळा आणि लहान असेल.

व्ह्यूज आणि रीच यांची गल्लत तर रोजची. एकाच माणसाने रील तीनदा बघितला तर व्ह्यूज तीन, रीच एक. २०२४ पासून इन्स्टाग्राम व्ह्यूज हाच आकडा पुढे करतं, त्यामुळे तो मोठा दिसतो आणि लिहायचा मोह होतो. जो लिहाल त्याचं नाव लिहा, आणि एका पानावर दोन्ही मिसळू नका.

एंगेजमेंट रेट?

लिहायचा तर लाइक, कमेंट, सेव्ह अशा प्रतिसादांना कशाने भागलं ते सांगा. फॉलोअरने भागलं की एक उत्तर येतं, रीचने भागलं की दुसरं. मी रीचने भागलेलं पसंत करते, कारण ज्यांना पोस्ट दिसलीच नाही त्यांनी प्रतिसाद दिला नाही यात नवल काय?

माझ्या जुन्या पोस्टचे आकडेच दिसत नाहीत. का?

खातं पर्सनल असेल तर इनसाइट्स नसतात. प्रोफेशनल केल्यावर त्या दिवसानंतरच्या पोस्टचे आकडे जमायला लागतात, आधीच्या पोस्टचे मागे जाऊन मिळत नाहीत. प्रोफेशनल खातं प्रायव्हेट ठेवता येत नाही हेही ध्यानात असू द्या. घरच्यांचे फोटो असतील तर ते आधी आवरा.

खात्याचा एकूण आढावाही फार मागचा निघत नाही, साधारण गेल्या तीन महिन्यांचाच. म्हणून आजपासून एक सवय लावा. महिन्याच्या पहिल्या तारखेला मागच्या महिन्याचा आढावा उघडायचा, रीच, सेव्ह, शेअर, प्रोफाइल भेटी आणि फॉलोअरची शहरं एका एक्सेल तक्त्यात उतरवायची. संगणकावर मेटा बिझनेस सूटमधून पोस्टनिहाय आकड्यांची फाइलही उतरवून घेता येते. यूट्यूबवर हा त्रास नाही, तिथे स्टुडिओत चॅनेल सुरू झाल्यापासूनचे आकडे राहतात आणि लोक व्हिडिओ कितव्या सेकंदाला सोडून गेले तेही दिसतं.

ज्या पोस्ट प्रोफेशनल होण्याआधीच्या आहेत, त्यांचे फक्त लाइक, कमेंट आणि रील असेल तर व्ह्यूज तुमच्या हातात आहेत. तेवढेच लिहा.

स्क्रीनशॉट जोडला की पुरावा झाला?

स्क्रीनशॉट पाच मिनिटांत बदलता येतो, हे समोरच्यालाही माहीत असतं. पुरावा साखळीने उभा राहतो: रेझ्युमेवरची ओळ, तिच्यामागे एक-दोन पानांचं टिपण, आणि त्यामागे चालू खातं. तिन्ही जुळली पाहिजेत.

त्या मुलीचं टिपण दोनच पानांचं होतं. पहिल्या पानावर दुकानदाराची अडचण, तिने ठरवलेला उपाय आणि ९ पोस्टचा तक्ता. दुसऱ्यावर वहीच्या पानाचा फोटो, तारखांची पट्टी दिसेल असा इनसाइट्सचा एक स्क्रीनशॉट आणि दुकानदाराचा नंबर, त्याला विचारून टाकलेला. तिने आमच्याकडे अर्ज केला तेव्हा मी खरंच फोन लावला. “हो, आमच्याकडे पोरीनं काम केलंय, त्या दिवसांत रोज कुणीतरी कल्हईचं विचारत यायचं,” एवढंच तो बोलला. मला तेवढं पुरलं.

डीएमचे स्क्रीनशॉट टाकत असाल तर नाव, फोटो, नंबर झाका. कुणी तुम्हाला खाजगीत लिहिलेलं तुम्ही नोकरीसाठी तिसऱ्याला दाखवताय. जो उमेदवार अनोळखी बाईचा नंबर उघडा ठेवतो, त्याच्या हाती कंपनीच्या गिऱ्हाइकांचे निरोप द्यायला मी कचरते.

चूक झाली होती, लोकांनी झापलं होतं. ते लपवू ना?

उलट. माझ्या लेखी तिच्या रेझ्युमेवरची सगळ्यात मोलाची ओळ तीच ठरली.

एका रीलमध्ये तिने सांगितलं होतं की तांब्याच्या भांड्यात रात्रभर लिंबूपाणी ठेवून सकाळी प्यावं. रील रात्री आठला गेला. पावणेदहाला एकाने कमेंट टाकली: आंबट पदार्थात तांबं उतरतं, तांब्यात साधं पाणी ठेवतात, लिंबू नाही. बरोबरच होतं. पितळेला कल्हई लावतात ती याच कारणाने, आणि हे ती स्वतःच आठवडाभर आधी सांगून बसली होती. खाली हसण्याच्या इमोजी सुरू झाल्या.

तिच्यासमोर तीन वाटा होत्या. कमेंट उडवायची, रील उडवायचा किंवा दोन्ही ठेवून दुरुस्ती करायची. रीलमधलं चित्रण टाकल्यावर बदलता येत नाही, मजकूर बदलता येतो. तिने मजकुराच्या पहिल्याच ओळीत “या रीलमधली एक गोष्ट चुकली आहे” असं लिहिलं, चूक दाखवणाऱ्याचे आभार मानून दुरुस्तीची कमेंट वर पिन केली. कमेंट आल्यापासून ३५ मिनिटांत हे झालं. सकाळी कळकलेल्या आमटीचं उदाहरण देऊन नवीन रील केला. दोन दिवसांनी जुना रील आर्काइव्हमध्ये टाकला. का? कारण लोक रील उतरवून व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवतात तेव्हा मजकूर आणि पिन केलेली कमेंट मागेच राहते, चुकीचं वाक्य तेवढं फिरत राहतं.

हे शेवटचं कारण तिने मला मुलाखतीत सांगितलं आणि मी पेन खाली ठेवलं. ब्रँडच्या नावाने चूक झाली की आम्ही दारं लावून जी चर्चा करतो, ती तिने घरी पलंगावर बसून एकटीने केली होती. रेझ्युमेवर ओळ अशी आली: “चुकीच्या माहितीबद्दल आक्षेप आल्यावर ३५ मिनिटांत जाहीर दुरुस्ती, दुसऱ्या दिवशी सुधारित रील, मूळ रील कारणासह मागे घेतला.” तारखा आणि वेळा टिपणात.

अशी नोंद ठेवायला वादळाची वाट बघू नका. कुणी काय म्हटलं, तुम्ही कधी उत्तर दिलं, पुढे काय झालं, एवढं त्याच दिवशी लिहून ठेवा. महिन्याने वेळा आठवत नाहीत, मग माणूस अंदाजाने लिहितो.

दुकानाने पैसे दिले नाहीत, फक्त भांडी दिली. ते जाहीर करायला हवं होतं का?

हो. जाहिरात मानक परिषद, म्हणजे एएससीआय, हिचे इन्फ्लुएन्सर जाहिरातींचे नियम जून २०२१ पासून लागू आहेत. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही मार्गदर्शक सूचना काढल्या. दोन्हींचा गाभा एकच: पैसे, फुकट वस्तू, सवलत, नातं, असा कोणताही संबंध असेल तर तो पोस्टमध्येच ठळकपणे सांगायचा. हॅशटॅगच्या घोळक्यात लपवायचा नाही, आणि पोस्ट मराठीत असेल तर सांगणंही मराठीत हवं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत.

त्या मुलीला दोन पितळी पातेली मिळाली होती. पहिल्या दोन पोस्टवर तिने काहीच लिहिलं नव्हतं, तिसरीपासून वर “जाहिरात” आणि “दुकानाकडून भांडी मिळाली आहेत” असं होतं. मी म्हटलं, त्या दोन पोस्टचा मजकूर आज दुरुस्त कर आणि टिपणात खरं लिही: नियम उशिरा कळला, कळल्यावर सगळीकडे लावला. तिला वाटलं हे तिच्या विरुद्ध जाईल. कायद्याची बाजू सांभाळणारे आमचे सहकारी मात्र त्या ओळीवरच खूश झाले.

काकांच्याच दुकानाचं काम केलं असेल, तर नातं रेझ्युमेवरही सांगा. संदर्भ म्हणून काकांना फोन लागला आणि “माझी पुतणी” असं पलीकडून ऐकू आलं, की बाकीच्या सगळ्या ओळींवर सावली पडते.

मी सुरुवातीला फॉलोअर विकत घेतले होते. आता?

ते दिसतं. एका दिवसात उभी चढलेली रेषा, त्या दिवशी पोस्टच नाही. मराठी खात्याचे फॉलोअर भलत्याच देशांतल्या शहरांतले. हजारो फॉलोअर आणि पोस्टला चाळीस लाइक. कमेंटमध्ये नुसत्या आगीच्या इमोजी. एकमेकांना फॉलो करायच्या गटांतून आलेले लोकही असेच ओळखू येतात, कारण प्रत्येक पोस्टला तीच पंधरा नावं असतात.

खोटी खाती एकेक करून काढता येतात, काम कंटाळवाणं आहे. नाही जमलं तर फॉलोअरचा आकडा आणि फॉलोअरवाढ हे दोन्ही रेझ्युमेवरून काढून टाका. सेव्ह, चौकशा आणि दुरुस्त्या यांना विकत घेतलेल्या फॉलोअरचा स्पर्श होत नाही. थेट विचारलं तर खरं सांगा.

सिंहस्थात रील केले तर आकडे आपोआप येतील ना?

येतील, सगळ्यांचेच. २०२७ च्या पर्वण्यांना रामकुंडावर फोन उंचावलेला प्रत्येक जण लाखांत जाईल, म्हणून तो आकडा कुणाचाच नसेल. पण कुणी गर्दीत हरवू नये म्हणून घाटांच्या वाटा समजावणारी मालिका केली आणि ती बाहेरगावच्या लोकांनी सेव्ह केली, तर ती घेऊन या.

हे रेझ्युमेवर कोणत्या मथळ्याखाली घालू?

पैसे किंवा वस्तू घेऊन दुसऱ्यासाठी केलेलं काम अनुभवात. स्वतःचं खातं प्रकल्पांत. स्वतःला “संस्थापक व सीईओ” म्हणवून घेऊ नका, असे गठ्ठ्यात चार तरी असतात.

मुलाखतीत कुठे अडकवतात?

मी तरी तीन ठिकाणी. पहिलं: “हा रील का चालला?” इथे “अल्गोरिदममुळे” हे उत्तर म्हणजे माहीत नाही असं म्हणणं. त्या मुलीने कल्हईच्या रीलबद्दल सांगितलं की पहिल्या दोन सेकंदांत काळं पातेलं आणि चकचकीत पातेलं शेजारी होतं, त्याच विषयाच्या आधीच्या रीलची सुरुवात दुकानाच्या पाटीने होती आणि त्याला याच्या निम्मेही सेव्ह नव्हते. रहाडीबद्दल विचारलं तर म्हणाली, “मॅडम, तो रंगपंचमीनं चालला.” मला दोन्ही उत्तरं आवडली.

दुसरं: “न चाललेली पोस्ट दाखव.” एकही नाही म्हणणाऱ्याचं पुढचं मी जरा कमी लक्ष देऊन ऐकते.

तिसऱ्याला उमेदवार सहसा तयार नसतो. मी आमच्या एखाद्या उत्पादनाचं पाकीट पुढे ठेवते आणि म्हणते, तुझ्या आवाजात नको, आमच्या आवाजात दोन ओळी लिही. “हाय फ्रेंड्स” म्हणून सुरू झालेल्या ओळी तिथेच संपतात. घरी याची तयारी करायची असेल तर त्या कंपनीच्या मागच्या वीसेक पोस्ट वाचा. वाचणाऱ्याला ते तुम्ही म्हणतात की तू, विनोद करतात का, तक्रारीला काय उत्तर देतात, हे टिपा आणि तुमचाच एखादा जुना मजकूर त्या सुरात पुन्हा लिहून टिपणाला जोडा. तिसरं पान चालेल.

अर्ज केल्यावर खातं काही दिवस बंद ठेवलं तर चालेल का?

नको. रेझ्युमेवरचा दुवा आम्ही उघडतोच, बऱ्याचदा अर्ज आल्यावर तीन आठवड्यांनी आणि फोनवरून. पान सापडलं नाही तर विचारायला कुणी परत फोन करत नाही. खात्याचं नाव बदलायचं असेल तर अर्जाआधी बदला, नाहीतर दुवा तुटतो. आणि दुवा दुसऱ्या कुणाच्या फोनवर, स्वतःच्या लॉगिनशिवाय, एकदा उघडून बघा.